आम्ही त्याला काहीच बोलत नाही, तरी त्याच्या पोटात का दुखतं?

प्रश्न : मॅडम, आम्ही कळंब्याला राहतो. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीला आहेत, मी घरी ब्लाउज शिवते. मुलगा सोहम (नाव बदललंय) सातवीत आहे. पाचवीपर्यंत मजेत होता. गेल्या वर्षी थोरल्या जावेचा मुलगा मिरजेला सरकारी मेडिकलला लागला. नणंदेची मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे, आमच्याचं कसं होणार हेच डोक्यात. पण सोहमसमोर मी कधीच तुलना केलेली नाही, शपथेवर सांगते. जे काही बोलते ते बहिणीशी, फोनवर. तरी आता चाचणीच्या दिवशी सकाळी त्याच्या पोटात कळ येते. डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफी नॉर्मल आहे. रात्री अंथरुणात पुन्हा पुन्हा विचारतो, "आई, मी नापास होणार नाही ना?" नाही म्हटलं तरी परत विचारतो. पोटात दुखलं की मी त्याला घरी ठेवते, प्रोजेक्टही मीच पूर्ण करून देते. परवा गावच्या म्हाईला गेलो तर गाडीतून उतरेना. "काकी मार्क विचारतील," म्हणाला. मी काही बोललेच नाही, तर हे त्याच्यात आलं कुठून?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर :

ताई, तुम्ही त्याला काही बोलला नाहीत यावर माझा विश्वास आहे. पण खरं सांगायचं तर त्यानं फारसा फरक पडत नाही. मूल आईबापाच्या बोलण्याआधी त्यांचा चेहरा वाचायला शिकतं.

1985 साली अमेरिकेत झालेला एक प्रयोग मानसशास्त्र शिकणाऱ्या बहुतेकांना माहीत असतो. वर्षाच्या बाळाला एका टेबलावर ठेवलं. टेबलाचा पृष्ठभाग काचेचा, आणि मध्यावर काचेखाली थोडा खड्डा दिसेल अशी रचना. पलीकडे आई उभी. तिनं तोंडानं काही बोलायचं नाही, फक्त चेहरा करायचा. ज्या 19 बाळांच्या आया हसऱ्या चेहऱ्यानं उभ्या होत्या, त्यातली 14 बाळं काचेवरून रांगत पलीकडे गेली. ज्या 17 बाळांना आईचा घाबरलेला चेहरा दिसला, त्यातलं एकही पलीकडे गेलं नाही. खड्डा दोन्हीकडे तेवढाच होता. तो धोक्याचा आहे की नाही, हे बाळानं आईच्या तोंडाकडे बघून ठरवलं.

तुमचा सोहम बारा वर्षांचा आहे. इतकी वर्षं तो तुमच्याकडे बघत आलाय. जाऊबाईंचा फोन आला की तुमच्या शिलाई मशिनचा आवाज थांबतो का? फोन ठेवल्यावर तुम्ही लगेच परत शिवायला घेता, की थोडा वेळ तशाच बसता? त्या दिवशी जेवताना मिस्टरांशी बोलणं कमी होतं का? एखादा आठवडा हे स्वतःच बघा. पलीकडच्या खोलीत गृहपाठ करत बसलेल्या मुलाला यातलं सगळं ऐकू येतं आणि कळतंही.

बहिणीशी चाललेल्या फोनबद्दल थोडं जास्त सांगते, कारण पत्रात तुम्ही तो अगदी सहज, जाता जाता लिहिलाय. फोनवरचं बोलणं मुलाला एकाच बाजूनं आणि तुटक ऐकू येतं. "आमच्याचं काय होणार देवालाच ठाऊक" एवढं वाक्य त्याच्या कानावर पडतं. पुढे बहीण तुमची समजूत घालते, तुम्ही दोघी हसता, विषय बदलतो. ते त्याच्यापर्यंत पोचत नाही. समोर बसवून रागावलं असतं तर त्याला उलट उत्तर देता आलं असतं, रडता आलं असतं, रुसता आलं असतं. चोरून ऐकलेल्या वाक्याबद्दल मात्र तो तुम्हाला काही विचारूही शकत नाही, कारण विचारलं तर आपण ऐकत होतो हे उघडं पडेल. मग उरलेलं चित्र तो स्वतःच्या मनानं पुरं करतो. आणि मुलं ते चित्र नेहमी खऱ्यापेक्षा भयाण रंगवतात.

आणखी एक गोष्ट. तुम्ही तुलना म्हणजे "दादा बघ आणि तू बघ" असं धरून चालला आहात. तपासलेला पेपर मुलानं घरी आणला की तुमचा पहिला प्रश्न काय असतो? "किती पडले?" आणि दुसरा? माझ्यासमोर बसणाऱ्या बहुतेक आयांचा दुसरा प्रश्न असतो, "वर्गात सगळ्यात जास्त कुणाला?" यात कुणा नातेवाइकाचं नाव नाही, पण मुलाला जे समजायचं ते समजतं. विसात चौदा पडले हे चौदा म्हणून राहत नाहीत, ते कुणाच्या तरी खालचे होतात.

आता, हे वाचून "म्हणजे सगळं माझ्यामुळेच" असं मनाला लावून घेऊ नका. काही मुलांचा पिंडच जरा हळवा, घाबरा असतो. तो जन्मासोबत येतो, घरात कुणी काही न करताही. पण घरचा वाटा किती हे बघायला संशोधकांनी एक छान युक्ती वापरली आहे. आईला तंतोतंत सारखी जुळी बहीण असेल, तर त्या मावशीचं आणि मुलाचं रक्ताचं नातं आईइतकंच जवळचं ठरतं. म्हणजे चिंता फक्त रक्तातून येत असती, तर मूल आईसारखं घाबरट निघालं तसंच मावशीसारखंही निघायला हवं. स्वीडनमधल्या जुळ्यांच्या कुटुंबांचा असा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात वयात येणाऱ्या मुलांची चिंता सोबत राहणाऱ्या आईबापाशी जुळत होती, आणि तिचा मोठा भाग रक्तानं समजावता येत नव्हता. मला यातलं आशेचं वाटतं ते हेच. रक्त बदलता येत नाही, घरातल्या सवयी बदलता येतात. उलट दिशेचीही शक्यता याच अभ्यासकांनी मोकळी ठेवली आहे, म्हणजे मूल घाबरलं की आईबापाची चिंता वाढते आणि ती परत मुलाकडे जाते. तुमच्या घरात रात्री नेमकं हेच चाललंय.

रात्रीचा तो प्रश्न घेऊ. "मी नापास होणार नाही ना?" तुम्ही म्हणता, "नाही रे राजा." त्याला बरं वाटतं. पण किती वेळ? फार तर पाच मिनिटं, मग परत तोच प्रश्न. वर वर बघता तुम्ही धीर देताय. पण त्याच्या मनाची नोंद वेगळीच होते : भीती वाटली, आईला विचारलं, भीती गेली, म्हणजे भीती घालवायला आई लागते. दरवेळी तो स्वतःच्या बळावर त्या भीतीतून बाहेर यायच्या आतच तुम्ही त्याला बाहेर काढता. त्यामुळे ती आपोआप ओसरते, हे त्याला कधी कळतच नाही. शिवाय तुम्हाला भविष्य दिसत नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तुमच्या "नाही"वर म्हणूनच त्याचा विश्वास बसत नाही. प्रोजेक्ट तुम्ही पूर्ण करणं आणि पोटात दुखलं की घरी ठेवणं ही याच साखळीतली पुढची कडी आहे.

येल विद्यापीठातले एली लेबोविट्झ यांनी या साखळीवरच उपचाराची एक पद्धत उभी केली. तिच्यात मुलाला समुपदेशकाकडे न्यावं लागत नाही, फक्त आईबाप जातात आणि स्वतःच्या वागण्यात बदल करायला शिकतात. 2020 साली त्यांनी 7 ते 14 वयाच्या 124 चिंताग्रस्त मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही घरांत मुलावर थेट उपचार झाले, काही घरांत फक्त आईबापांना शिकवलं. दोन्हीकडची मुलं जवळपास सारखीच सुधारली. खाली सांगते ते याच पद्धतीच्या अंगानं, आपल्या घरांना जमेल असं.

पहिला आठवडा काही बदलू नका, फक्त लिहा. ब्लाउजची मापं लिहायची वही असेलच, तिच्या मागच्या पानांवर चालेल. सोहमच्या भीतीमुळे तुम्ही दिवसभरात काय काय केलं, तेवढंच. "रात्री सात वेळा उत्तर दिलं. सकाळी शाळेला पाठवलं नाही. भूगोलाचा नकाशा मी रंगवला. बाईंना फोन करून चाचणी पुढे ढकलता येईल का विचारलं." आठवड्याच्या शेवटी ही यादी मिस्टरांसोबत बसून वाचा आणि त्यातली एकच गोष्ट निवडा. सगळं एकदम बंद केलं तर तुमच्याकडून निभणार नाही आणि पोराचाही जीव टांगणीला लागेल. माझ्या मते रात्रीच्या प्रश्नापासून सुरुवात करा. तो रोज येतो, घरातच घडतो आणि त्यात शाळा-नातेवाईक कुणी मध्ये नाही.

बदल करायच्या आधी त्याला सांगायचं. रात्री नव्हे. रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर, रंकाळ्यावर फिरताना, अशा निवांत वेळी. साधारण असं : "सोहम, रात्री तुला परीक्षेची खरंच भीती वाटते, ते मला कळतं. नापास होशील का हे तू विचारतोस आणि मी उत्तर देते, पण त्यानं तुझी भीती कमी होत नाहीये, मी बघतेय. म्हणून आजपासून मी त्याचं उत्तर एकदाच देणार. नंतर विचारलंस तर एवढंच म्हणेन की भीती वाटतेय ना, ती तुला झेपेल. मी इथेच आहे." या बोलण्यात दोन गोष्टी हव्यातच : तुझी भीती खरी आहे, आणि ती सोसायची ताकद तुझ्यात आहे. नुसतं पहिलं म्हटलं की ती कुरवाळणं होतं. नुसतं दुसरं म्हटलं तर "एवढ्यात काय घाबरायचं" असं ऐकू येतं.

पहिल्या काही रात्री तो जास्त विचारेल. रडेल, "तुला माझं काहीच नाही" म्हणेल, रागानं पाठ करून झोपेल. बहुतेक घरं इथेच माघार घेतात. आठव्यांदा विचारल्यावर आईचा जीव कळवळतो आणि ती उत्तर देऊन टाकते. मुलगा त्यातून शिकतो की आठ वेळा विचारलं की मिळतं, आणि पुढच्या रात्री तो आठपासून सुरुवात करतो. दुसरी फट म्हणजे आजी. सासूबाई घरात असतील तर त्यांनाही आधी विश्वासात घ्या, नाहीतर सोहम उशी घेऊन आजीकडे जाईल आणि त्या मायेनं म्हणतील, "कोण म्हणतंय माझं लेकरू नापास होतंय?" तिसरी अडचण बाबांची. दमून आलेला माणूस "एकदा सांगितलं न्हवं, गप झोप" म्हणून ओरडला तर पोरगं गप्प होईल, भीती मात्र तशीच राहील. त्यांना सांगा, आवाज चढवायचा नाही, ठरलेलं तेवढंच वाक्य म्हणायचं. वहीत रोजचा आकडा टाकत राहा. तो दोनतीन आठवड्यांत उतरू लागला की पद्धत लागू पडतेय असं समजा. एखाद्या चाचणीच्या आदल्या रात्री परत वर जाईल. तेवढ्यानं हात टेकू नका.

हे अंगवळणी पडलं की मग पोटदुखीकडे या. ते दुखणं नाटक नाही, हे आधी मनात पक्कं करा. ताणात आतड्याची हालचाल बदलते आणि तिथल्या साध्या संवेदनाही मेंदूला जोरात जाणवतात. सोनोग्राफीत हे दिसत नाही, म्हणून ते खोटं ठरत नाही. पण त्या दुखण्याभोवती घरात काय घडतं, यावर ते टिकतं की विरतं हे बरंच अवलंबून असतं. "अजून दुखतंय का? कुठं दुखतंय? ओवा देऊ का?" असं दर दहा मिनिटांनी विचारलं की मुलाचं सगळं लक्ष पोटाकडेच राहतं. एकदा विचारा, गरम पाण्याची पिशवी द्या आणि दप्तर भरायला लावा. शाळेचा नियम साधा ठेवा : ताप, उलटी, जुलाब असेल तर घरी, नाहीतर शाळेत. आणि घरी राहिलाच तर तो दिवस आजारपणाचा असू दे. मोबाइल नाही, टीव्ही नाही, मऊ भात आणि पडून राहणं. इथे एक सावधगिरी पाळा. दुखण्यानं रात्री झोपेतून जाग येत असेल, वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल, वारंवार उलट्या होत असतील किंवा दुखणं पोटाच्या एकाच बाजूला टिकून असेल, तर ते चिंतेचं म्हणून सोडून देऊ नका. परत बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आता मुळाकडे येते. पत्रात तुम्ही विचारलंय सोहमबद्दल, पण झोप तुमची उडाली आहे. पुतण्याला प्रवेश मिळाल्यानं सोहमचं काय बिघडलं? काहीच नाही. तो जिथं होता तिथंच आहे. बदललं काही असेल तर ते तुमचं सासरच्या घरातलं स्थान, किंवा तसं तुम्हाला वाटलं. आपल्याकडे पोराच्या निकालावर आईला मार्क मिळतात. थोरलीचा डॉक्टर होणार, आता धाकटीचं काय, हा प्रश्न म्हाईच्या पंगतीत पांढरा रस्सा वाढता वाढता कुणीतरी टाकतंच, आणि तो सोहमच्या ताटात न पडता तुमच्या ताटात पडतो. मला हे सरळ अन्यायाचं वाटतं. पण ते तुमचं दुखणं आहे, म्हणून बोलायचं ते मोठ्या माणसांनी, मोठ्या माणसांशी. बहिणीशी जरूर बोला. फक्त सोहम शाळेत असताना. मिस्टरांशी बोलायला रात्री तो झोपल्यावरची वीस मिनिटं ठरवून घ्या. मनात दिवसभर जे येईल ते त्या वेळेसाठी बाजूला ठेवायचं.

त्या वीस मिनिटांत एकदा हेही कागदावर काढा, की सोहमच्या बाबतीत आत्ता नेमका कोणता निर्णय अडला आहे. सातवीत कोणताच नाही. पहिला फाटा दहावीनंतर येतो. तिथेही अकरावी आहे, तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा आहे, आयटीआय आहे. डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. फाउंड्रीत काम करणाऱ्या तुमच्या मिस्टरांना या वाटेनं आलेली माणसं रोज भेटत असतील, त्यांनाच विचारा. "याचं कसं होणार" या प्रश्नाला उत्तर नसतं, म्हणून तो रात्रभर जागवतो. "गणितात अपूर्णांक कच्चे आहेत, त्यासाठी दिवाळीच्या सुट्टीत काय करायचं" याला मात्र उत्तर असतं.

पुढच्या वेळी गावी जाण्याआधी सोहमशी ठरवून घ्या. काकींनी मार्क विचारले तर उत्तर तुम्ही द्यायचं, त्याच्यादेखत, हसतमुखानं : "चाललंय व्यवस्थित, वहिनी. यंदा कबड्डीला लागलाय, ते विचारा." कबड्डी खेळत नसेल तर जे खरं असेल ते. आणि तेवढ्यावर विषय बदला. त्यांना टोमणा मारायचा नाही. पुतण्याचं मनापासून कौतुकही करा, कारण मिरजेला लागणं सोपं नाही आणि त्या पोराचा यात काहीच दोष नाही. परत येताना गाडीत मात्र एक मोह टाळा. "त्याला डॉक्टरकी मिळाली पण माणसांत बोलता येतं का?" असं म्हणून सोहमला बरं वाटेल, असं आईबापांना वाटतं. तीही तुलनाच आहे, फक्त या खेपेला आपलं पोरगं वर. उद्या ते खाली येऊ शकतं, हे त्यालाही कळतं. त्याला दादा परत हवा असेल, तर दोघांना शेतावर, विहिरीवर एकत्र सोडा. एका दुपारीत ती मुलं आपलं आपण जुळवून घेतात. "मार्कांना काय किंमत नसते" असंही म्हणू नका. किंमत असते हे त्याला दिसतं, मग तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचाही त्याचा विश्वास उडतो. पेपर घरी आला की आधी तो उघडून बघा, आकडा नंतर. "हे चौथं गणित कसं सोडवलंस, दाखव की" असं विचारा. वर्गात पहिलं कोण आलं, हे विचारूच नका.

एक नियम कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी. निकाल लागला की त्यावर मार्कशीटचे फोटो येतील. सोहमचा टाकू नका, चांगला असला तरी. चांगला टाकला की पुढच्या वर्षी न टाकण्याचाही अर्थ लावला जातो.

हे सगळं दीडदोन महिने नेटानं करूनही शाळेला दांड्या वाढत असतील, जेवण-झोप बिघडली असेल, किंवा तो मित्रांपासूनही तुटत चालला असेल, तर सीपीआर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा मुलांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकाकडे जा. तुमची स्वतःची झोप परत आली नाही तर तुम्हीही दाखवा, कारण तुमच्यावरचे उपचार सोहमच्याही उपयोगाचे आहेत. "मी नसतो तर बरं झालं असतं" अशा अर्थाचं तो काही बोलला, तर मात्र दीड महिना सोडा, एक दिवसही थांबू नका. त्याला एकटं सोडू नका आणि थेट विचारा की जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. तुम्हाला रात्री दोनला झोप लागत नसेल, तर तुम्ही स्वतःसाठीही तो लावू शकता.